112 पानांची निविदा, दोन पानांत

आमच्या तालुक्याचे एक ठेकेदार गेल्या उन्हाळ्यात टेंडरची फाइल घेऊन माझ्याकडे आले. आपण त्यांना भाऊ म्हणू. फाइल टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, 112 पानं आहेत. मला एवढंच सांगा, भरू का नको?"

बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून मी अशा निविदा तयार करणाऱ्यांच्या बाजूला बसत होतो. निवृत्तीनंतर भरणाऱ्यांच्या बाजूला बसतो. दोन्हीकडून पाहिल्यामुळे एक गोष्ट कळली आहे. निविदेची 112 पाने ठेकेदाराला समजावीत म्हणून लिहिलेली नसतात. उद्या वाद झाला तर खात्याच्या हाताशी प्रत्येक गोष्टीचे कलम असावे, म्हणून लिहिलेली असतात. त्यामुळे ज्या वाक्यावर तुमचा लिफाफा बाद होणार असतो, ते पहिल्या पानावर ठळक असेलच असे नाही. ते 37व्या पानावर, मजुरांच्या निवाऱ्याच्या कलमाखाली असू शकते. निविदेचा सारांश करताना 112 पाने थोडक्यात लिहून काढायची नसतात, बाद करणारी वाक्ये आधी बाहेर काढायची असतात.

भाऊंचे काम असे होते: गाव जोडणाऱ्या रस्त्याची सुधारणा, लांबी 1.6 किलोमीटर, खडीकरण आणि वर डांबरी थर. निविदेत ठेवलेली किंमत 64,00,000 रुपये, वस्तू व सेवा कर वगळून. मुदत पावसाळ्यासह 9 महिने. निविदा बी-1 नमुन्यातली, म्हणजे बाबनिहाय दर खात्याने आधीच भरलेले. ठेकेदाराने फक्त एक आकडा द्यायचा, इतके टक्के कमी किंवा इतके टक्के जास्त. (बी-2 नमुना असेल तर प्रत्येक बाबीचा दर ठेकेदारच भरतो. वहीत पहिली ओळ हीच लिहावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर ठरतो.) हे आकडे मी इथे थोडे बदलले आहेत, हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी आहे.

मी कोरा कागद घेतला आणि प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक आणि कलम क्रमांक लिहायचे ठरवले. पान क्रमांक नसलेला सारांश म्हणजे ऐकीव गोष्ट. ऐन वेळी शंका आली की परत 112 पाने चाळावी लागतात.

सुरुवात पात्रतेपासून. पात्रतेत नापास झालात तर बाकी वाचून उपयोग नाही.

नोंदणीचा वर्ग पुरेसा होता आणि नोंदणीची मुदतही शिल्लक होती. दुसरी अट समान कामाची: मागील 5 वर्षांत किमान 32 लाखांचे, म्हणजे निविदा किमतीच्या निम्म्याचे, एक समान काम पूर्ण केलेले असावे. भाऊ लगेच म्हणाले, "आहे की! गावठाणातला काँक्रीटचा रस्ता, 41 लाखांचा." मी त्यांना व्याख्येचे पान दाखवले. समान काम म्हणजे डांबरी पृष्ठभागाचा रस्ता, असे तिथे स्पष्ट होते. काँक्रीटचा रस्ता कितीही मोठा असला तरी या निविदेपुरता तो रस्ताच नव्हे. सुदैवाने त्यांच्याकडे 33 लाखांचे एक डांबरी काम होते. पण ते 5 वर्षांत बसते का? इथे दिवस मोजण्याची पद्धत कलमातच असते. बहुतेक निविदांत निविदा ज्या महिन्यात मागवली, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापासून मागे मोजतात. भाऊंचे काम तीन महिन्यांच्या फरकाने आत बसले. याच कलमात आणखी एक बारकावा होता. कार्यकारी अभियंत्याच्या सहीच्या दाखल्यावर प्रत्यक्ष झालेल्या कामाची रक्कम आणि काम पूर्ण झाल्याची तारीख, दोन्ही हव्यात. कार्यारंभ आदेशावरची रक्कम चालत नाही. कित्येक जण नेमका कार्यारंभ आदेशच जोडतात.

समान कामाची टक्केवारी प्रत्येक कार्यालय आपापल्या नमुन्याप्रमाणे ठेवते. केंद्रीय दक्षता आयोगाच्या तांत्रिक शाखेने 2002 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात 7 वर्षांत 40 टक्क्यांची तीन, 50 टक्क्यांची दोन किंवा 80 टक्क्यांचे एक काम असा ठोकताळा आहे, आणि केंद्राच्या व सार्वजनिक उपक्रमांच्या निविदांत तो अजून दिसतो. राज्यातल्या निविदांत आकडे वेगळे निघतात. मागच्या निविदेत चालले म्हणून याही निविदेत चालेल, असे धरून कोणी बसू नये.

उलाढालीची अट सोपी होती. मागील 5 वर्षांपैकी कोणत्याही एका वर्षात 48 लाख. भाऊंची सर्वांत चांगल्या वर्षातली कामे 70 लाखांची. सनदी लेखापालाचा दाखला लागणार होता, आणि त्यावर यूडीआयएन, म्हणजे तो दाखला ऑनलाइन पडताळता येईल असा 18 अंकी क्रमांक. तो नसला तर दाखल्याला किंमत नाही.

मग आली निविदा क्षमता. लहान ठेकेदार सर्वांत जास्त इथेच घसरतात, म्हणून इथे थोडे थांबतो. सूत्र असे असते:

A × N × 2 − B

A म्हणजे मागील 5 वर्षांत एका वर्षात केलेल्या कामांची सर्वांत मोठी रक्कम. N म्हणजे या कामाची मुदत, वर्षांत. B म्हणजे हातात असलेल्या कामांपैकी या कामाच्या मुदतीत करायचे शिल्लक काम. उत्तर निविदा किमतीपेक्षा कमी आले तर निविदा बाद. मधला 2 हा आकडाही ठरलेला नाही. काही निविदांत तो दीड असतो, काहींत तीन.

भाऊंनी घरून हिशेब करून आणला होता. A 70 लाख. N 9 महिने, म्हणजे 0.75. गुणाकार 105 लाख. हातात दोन कामे, 25 लाख आणि 20 लाख, म्हणून B 45 लाख. उत्तर 60 लाख, आणि हवेत 64. चार लाखांनी नापास. म्हणूनच ते भरू का नको विचारत होते.

मी B ची व्याख्या पुन्हा वाचली. शिल्लक काम सगळे धरायचे नव्हते, पुढच्या 9 महिन्यांत जेवढे करायचे तेवढेच. 25 लाखांचे काम चार महिन्यांत संपणार होते, तेव्हा ते पूर्ण धरायचे. 20 लाखांच्या कामाची मुदत अजून 18 महिने होती. त्यातले निम्मे, 10 लाख, या 9 महिन्यांत पडत होते. B झाला 35 लाख. क्षमता 70 लाख. भाऊ पास.

भाऊंचा चेहरा उजळला आणि लगेच दुसरा प्रश्न आला, "मग ते 20 लाखांचं काम दाखवूच नये ना? भानगड नको." हा मोह फार जणांना पडतो. हातातली कामे लपवली आणि दुसऱ्या एखाद्या कार्यालयाच्या नोंदीतून ती बाहेर आली, तर खोटे प्रतिज्ञापत्र दिल्याचा ठपका येतो. बयाणा जप्त होतो आणि नाव काळ्या यादीत जाऊ शकते. इथे तर खरे दाखवूनच ते पास होत होते.

तांत्रिक अटी वाचताना मी सारांशात सगळी मानके उतरवत नाही. खडीची जाळी, घनता, चाचण्यांची संख्या ही कामावर असताना लागणारी गोष्ट. तेव्हा पान उघडून बघता येते. सारांशात फक्त तेवढेच घ्यायचे, ज्याचा कागद लिफाफा क्रमांक 1 मध्ये आत्ता जोडावा लागतो किंवा ज्यामुळे दरात फरक पडतो. या निविदेत तसे तीन मुद्दे निघाले.

पहिला हॉटमिक्स प्लांटचा. डांबरी मिश्रण तयार करणारा प्लांट स्वतःचा असावा किंवा मालकाशी केलेला करार जोडावा, आणि कामाच्या जागेपासून तो ठरावीक अंतराच्या आत असावा. ही अट पुष्कळ ठेकेदारांना जाचक वाटते, आणि काही ठिकाणी ती स्पर्धा कमी करण्यासाठी वापरली जाते अशी तक्रारही होते. पण तिच्यामागे एक खरे कारण आहे. व्हीजी-30 डांबराचे मिश्रण साधारण 150 ते 165 अंशांना तयार होते आणि अंथरताना ते 140 अंशांच्या खाली गेलेले चालत नाही. डंपर जेवढा लांबून येईल तेवढे मिश्रण थंड होते, आणि थंड मिश्रणावर रोलर कितीही फिरवला तरी ते नीट दबत नाही. पहिल्याच पावसात खडी सुटते. भाऊंचा स्वतःचा प्लांट नव्हता. ओळखीच्या प्लांटवाल्याने फोनवर हो म्हटले होते. करार याच कामाच्या नावाने, सहीशिक्क्यासह आणि प्लांटच्या जागेच्या पत्त्यासह हवा होता. फोनवरच्या शब्दाचा उपयोग नव्हता. मी सारांशात या ओळीखाली लाल रेघ मारली.

दुसरा मुद्दा डांबराच्या खरेदीचा. डांबर तेल कंपनीच्या शुद्धीकरण कारखान्यातून किंवा डेपोतून घेऊन त्याचे मूळ चलन बिलासोबत द्यायचे होते. बाजारातून सुटे डांबर घेऊन काम करू असा हिशेब धरला असेल तर तो इथे मोडतो, म्हणून ही अट दराच्या बाजूला लिहायची. तिसरा मुद्दा दोष दायित्वाचा: काम पूर्ण झाल्यापासून 3 वर्षे रस्त्यावरचे खड्डे स्वखर्चाने भरायचे. तीन पावसाळे. हा खर्च टक्क्यांत पकडलेला नसेल तर नफा तिथेच जातो.

आता पैसे. बयाणा रक्कम 1 टक्का, म्हणजे 64,000. निविदा प्रपत्राचे शुल्क वेगळे. ते कधीच परत मिळत नाही. बयाणा ऑनलाइन भरायचा होता. भाऊ म्हणाले, "मेहुण्याच्या खात्यातून भरतो, माझ्या खात्यात सध्या तेवढे नाहीत." मी नको म्हटले. रक्कम ज्या खात्यातून येते त्याच खात्यात परत जाते. शिवाय ती निविदाकाराच्याच खात्यातून यावी, असेही अनेक निविदांत लिहिलेले असते. नेट बँकिंगऐवजी एनईएफटीने भरायचे असेल तर पोर्टल त्या निविदेपुरते चलन तयार करून देते. त्यावरचा खाते क्रमांक एकदाच वापरायचा आणि रक्कम रुपयाचाही फरक न करता भरायची. हे किमान एक कामाचा दिवस आधी करावे, कारण बँकेतून पैसे गेले आणि पोर्टलवर दिसले नाहीत, या वेळेचा हिशेब तुमच्या बाजूने होत नाही.

"माझी उद्यम नोंदणी आहे, मला बयाणा माफ असेल ना?" हेही विचारून झाले. केंद्राच्या 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणातली सूक्ष्म व लघु उद्योगांची सवलत वस्तू आणि सेवांच्या खरेदीसाठी आहे. बांधकामाच्या कामात ती आपोआप मिळत नाही. निविदेत स्पष्ट सूट दिलेली असेल तरच घ्यायची. या निविदेत नव्हती.

बयाणा कधी जप्त होतो, हे मात्र ज्याने निविदा भरायची त्याने स्वतः वाचावे. निविदेची वैधता 120 दिवस होती. त्या काळात निविदा मागे घेतली, काम मिळाल्यावर करारावर सही केली नाही किंवा सुरक्षा अनामत भरली नाही, की 64,000 गेले. 120 दिवसांत डांबराचा भाव चढला तरी माघार नाही.

भाऊंच्या मनात 13 टक्के कमी, म्हणजे त्यांच्या भाषेत 13 टक्के बिलो, भरायचे होते. मी कमी दराच्या अतिरिक्त अनामतीचे कलम शोधले. ते 58व्या पानावर होते. 10 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर निविदा किमतीच्या 1 टक्का, आणि 10 च्या वर जितके टक्के कमी तितके टक्के त्यात मिळवायचे. दर उघडल्यावर सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराने ही रक्कम 8 दिवसांत भरायची. 13 टक्के बिलो म्हणजे 1 अधिक 3, चार टक्के, 2,56,000 रुपये.

मग सगळे एका खाली एक मांडले. 13 टक्के कमी म्हणजे कामाची रक्कम 55,68,000. सुरक्षा अनामत 4 टक्के: निम्मी करारावेळी, 1,28,000, ज्यात बयाण्याचे 64,000 वळते होणार, निम्मी बिलांतून कापली जाणार, आणखी 1,28,000. अतिरिक्त अनामत 2,56,000. रस्त्यावर एक फावडे पडायच्या आधी 3,84,000 रुपये अडकतात, आणि बिलांतली कपात धरली तर 5,12,000. यातला बराच भाग दोष दायित्वाची तीन वर्षे संपेपर्यंत सुटत नाही. शिवाय बिलातून 1 टक्का कामगार उपकर. भाऊ बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. आतापर्यंत त्यांनी बयाणा हाच खर्च धरला होता.

सादर करण्याचे नियम शेवटी लिहितो, पण वाचतो सुरुवातीला, कारण तारखा तिथे असतात. राज्याच्या `mahatenders.gov.in` या पोर्टलवर निविदा भरायला तिसऱ्या वर्गाची डिजिटल स्वाक्षरी लागते. भाऊंच्या स्वाक्षरीची मुदत निविदा उघडण्याच्या आठवड्यात संपत होती. ती आधी नूतनीकरण करून घेतली.

लिफाफे दोन. पहिल्यात पात्रता आणि तांत्रिक कागद, दुसऱ्यात फक्त दर. पहिल्या लिफाफ्यात दराचा कुठेही उल्लेख आला, अगदी एखाद्या पत्रात "आम्ही 13 टक्के कमी दराने" असे लिहिले गेले, तरी निविदा बाद होते. दुसरा लिफाफा म्हणजे पोर्टलवरून उतरवलेली एक्सेलची बीओक्यू फाइल. तिचे नाव बदलायचे नाही, रकाने हलवायचे नाहीत; फक्त रंगीत रकान्यात भरायचे. टक्केवारीच्या निविदेत एक छोटी यादी उघडते, `Excess (+)` आणि `Less (-)`. इथे चुकून पहिला पर्याय राहिला तर 13 टक्के कमीऐवजी 13 टक्के जास्त दर जातो, आणि उघडल्यानंतर दुरुस्तीची सोय नाही. जतन केल्यावर अक्षरांत आलेली एकूण रक्कम मोठ्याने वाचायची. भाऊंची 55 लाखांच्या आसपास यायला हवी. 72 लाख दिसले की समजायचे, चिन्ह उलटे पडले.

सगळ्या फाइली चढवल्या म्हणजे निविदा सादर झाली असे नाही. `Freeze Bid Submission` हे बटण दाबल्यावरच ती गोठते आणि पोचपावती मिळते. त्या पावतीची प्रत नसेल तर निविदा भरलेलीच नाही, असे समजावे. मुदत संपेपर्यंत दर बदलून पुन्हा सादर करता येतो, मात्र निविदा एकदा मागे घेतली की त्याच निविदेत परत येता येत नाही. वेळ पोर्टलच्या सर्व्हरची धरली जाते. तुमच्या मनगटावरच्या घड्याळाला तिथे कोणी विचारत नाही. दुपारी तीनची मुदत असेल तर सकाळी अकराला संपवावे. दोननंतर जिल्ह्यातले सगळे ठेकेदार एकाच दारात उभे असतात.

आणि शुद्धिपत्रक. या निविदेत मुदतीच्या चार दिवस आधी एक निघाले. खात्याने एका मोरीचे काम वगळले होते आणि बीओक्यूची नवी फाइल चढवली होती. भाऊंनी जुनी भरून ठेवली होती. माझ्या सारांशाच्या वरच्या कोपऱ्यात नेहमी एक ओळ असते, "शुद्धिपत्रक पाहिले: तारीख", आणि तिच्यापुढे रोज एक तारीख पडते. त्या ओळीमुळे ते सापडले. किंमत फारशी हलली नाही, पण जुन्या फाइलने निविदा बाद झाली असती.

सारांश शेवटी दोन पाने झाला. पहिल्या पानावर बाद करणाऱ्या गोष्टी, तारखा आणि जोडायचे कागद, प्रत्येकापुढे खूण करायला चौकोन. दुसऱ्यावर फक्त पैसे: कधी किती जातात, कधी परत येतात. दरासाठी शेवटी एक मोकळी ओळ. ती ठेकेदारानेच भरायची असते. मी तिथे आकडा लिहीत नाही.

भाऊंनी प्लांटचा करार आणला, नवी बीओक्यू भरली आणि त्या मोकळ्या ओळीत 13 ऐवजी 8 लिहिले. दर उघडले तेव्हा पहिला आलेला ठेकेदार 17 टक्के बिलो होता, म्हणजे नुसत्या अतिरिक्त अनामतीपोटीच त्याला 8 टक्के, पाच लाखांवर रक्कम भरायची होती. भाऊ तिसरे आले. त्यांचे 64,000 पुढे त्यांच्याच खात्यात परत आले, आणि हातातल्या कामांचा तक्ता त्यांनी पुढच्या निविदेसाठी त्याच दोन पानांवरून उतरवून घेतला.